१६ कॅमेरे, ३० दिवसांचं रेकॉर्डिंग: नॅसमध्ये किती टीबी लागतील?

प्रश्न: नमस्कार. आमच्या सोसायटीत १६ आयपी कॅमेरे आहेत. गेट आणि पार्किंगला ४ मेगापिक्सेलचे ४, बाकी लिफ्ट, जिने आणि कंपाउंडला २ मेगापिक्सेलचे १२. कमिटीने ठरवलंय की ३० दिवसांचं रेकॉर्डिंग राहिलंच पाहिजे. रेकॉर्डिंग साठवायला चार डिस्क बसणारा, चार बेचा नॅस घेतोय. दुकानदार म्हणतो ८ टीबीच्या दोन डिस्क टाका, भरपूर झालं. खरंच पुरतील का? हिशोब नेमका कसा करायचा?

उत्तर:

नाही पुरणार. दोन डिस्क रेड १ मध्ये लावल्या की दुसरी डिस्क ही पहिलीची नक्कल असते, म्हणजे वापरायला ८ टीबीच मिळतात. तुमच्या कॅमेऱ्यांचे बिटरेट, म्हणजे ते सेकंदाला किती डेटा पाठवतात ते आकडे, नेहमीसारखे ठेवले, तर ती जागा १८ दिवसांत काठोकाठ भरेल. दुकानदाराने बहुतेक हालचाल दिसली तरच होणारं मोशन रेकॉर्डिंग धरून अंदाज दिला असावा. त्यावर का विसंबू नये ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. जागा मेगापिक्सेलवर ठरत नाही, बिटरेटवर ठरते. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर चालवला आणि २ मेगापिक्सेलचा ४ एमबीपीएसवर, तर डिस्क दुसराच जास्त खाईल. म्हणून पहिलं काम हे की प्रत्येक कॅमेऱ्याच्या वेब पेजवर जाऊन Video सेटिंगमध्ये मेन स्ट्रीमचा बिटरेट काय आहे तो कागदावर लिहून काढायचा. तिथे आकडा बहुधा 2048 Kbps किंवा 4096 Kbps असा दिसतो. तो सरळ २ आणि ४ एमबीपीएस धरा, त्या दोन-चार टक्क्यांच्या फरकाने काही बिघडत नाही.

बिघडतं ते बिट आणि बाइटच्या गोंधळाने. एमबीपीएसमधला 'बी' बिटचा, जीबीमधला 'बी' बाइटचा, आणि ८ बिटांचा एक बाइट. हा आठाने भागाकार विसरला की उत्तर आठपट चुकतं. तो दर वेळी करत बसण्यापेक्षा एकच आकडा लक्षात ठेवा: १०.८. सेकंदाला १ मेगाबिट म्हणजे ०.१२५ मेगाबाइट, आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद. गुणाकार केला की १०,८०० मेगाबाइट, म्हणजे १०.८ जीबी. १ एमबीपीएसचा कॅमेरा २४ तास चालला की दिवसाला एवढी जागा घेतो.

```
GB प्रतिदिन  = एकूण Mbps × 10.8
TB एकूण      = एकूण Mbps × 10.8 × दिवस ÷ 1000
```

आता तुमचा हिशोब. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत, एच.२६५ आणि फ्रेम रेट १५ धरतो, सोसायटीला २५ फ्रेमची गरज पडत नाही. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला २ एमबीपीएस आणि ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस ही कमाल मर्यादा ठेवू. १२ कॅमेऱ्यांचे २४, चार कॅमेऱ्यांचे १६, एकूण ४० एमबीपीएस. ४० गुणिले १०.८ म्हणजे दिवसाला ४३२ जीबी, आणि ३० दिवसांचे १२.९६ टीबी. १३ टीबी धरा. गेटच्या कॅमेऱ्याचा आवाजही रेकॉर्ड करणार असाल तर जी.७११ आवाज ६४ केबीपीएस घेतो, म्हणजे दिवसाला पाऊण जीबीच्या आतच. त्याची काळजी नको. कॅमेरे एच.२६४ चे असतील तर मात्र त्याच दर्जासाठी बिटरेट बराच जास्त ठेवावा लागतो. मग हे आकडे न वापरता तुमच्या कॅमेऱ्यांवर जे लिहिलंय ते सूत्रात घाला.

हा १३ टीबीचा आकडा कितपत खरा ठरेल हे बिटरेट सीबीआर आहे की व्हीबीआर यावर अवलंबून आहे. सीबीआरमध्ये कॅमेरा दिवसरात्र ठरलेला बिटरेट पाठवतो, त्यामुळे हिशोब जवळजवळ तंतोतंत जुळतो. व्हीबीआरमध्ये पेजवरचा आकडा ही वरची मर्यादा असते. दुपारी तीन वाजता रिकाम्या जिन्यात काहीच हलत नसेल तर तोच कॅमेरा २ च्या जागी अर्ध्या एमबीपीएसवरही चालतो. दुपारी बघून 'अरे, एवढी जागा लागतच नाही' असं वाटतं आणि लोक डिस्क कमी घेतात.

मग रात्र होते. कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो, चित्र काळं-पांढरं होतं आणि अंधारात सेन्सर गेन वाढवतो. गेन वाढला की चित्रात दाणे येतात. हे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात. कोडेकची सगळी बचत 'मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठव' या तत्त्वावर चालते, आणि इथे तर अख्खं चित्रच बदलल्यासारखं दिसतं. त्यामुळे समोर कोणीही नसताना बिटरेट मर्यादेला टेकतो. पावसाळ्यातही हेच होतं. इन्फ्रारेडच्या उजेडात कॅमेऱ्यासमोरून पडणारा प्रत्येक थेंब पांढरी रेघ होऊन चमकतो, आणि कंपाउंडचे सगळे कॅमेरे रात्रभर वरच्या मर्यादेवर चालतात. जून ते सप्टेंबर हे चार महिने धरून डिस्क घ्यायची असेल तर व्हीबीआर असला तरी हिशोब कमाल मर्यादेवरच करा. उन्हाळ्यात जागा उरेल, उरू द्या.

एका कॅमेऱ्याचा बिटरेट बाकीच्यांपेक्षा सतत जास्त दिसत असेल तर शिडी लावून त्याची काच जवळून बघा. बहुतेक वेळा तिथे कोळ्याचं जाळं सापडतं. इन्फ्रारेडच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. काचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर असलेला एक धागा वाऱ्याने हलला की स्क्रीनवर जाड पांढरा पट्टा इकडून तिकडे नाचताना दिसतो. तो बिटरेटही वाढवतो आणि रात्रभर मोशनही पेटवत राहतो. सुक्या मऊ ब्रशने साफ केलं की त्या एका कॅमेऱ्याची रोजची जागा लगेच खाली येते.

म्हणूनच मोशन रेकॉर्डिंगवर डिस्क ठरवू नये असं मी सांगतो. बंद लिफ्टमध्ये मोशनने खरंच मोठी बचत होते. पण गेटवर दिवसभर ये-जा, पार्किंगला हलणारं झाड, रात्री किडे, शिवाय प्रत्येक घटनेच्या आधीचे आणि नंतरचे काही सेकंद. सगळं मिळून 'मोशन'वाला कॅमेराही दिवसाचा बराच वेळ रेकॉर्ड करतच असतो. ती टक्केवारी आधी सांगता येत नाही, नंतर मोजता येते. आधी २४ तास सलग रेकॉर्डिंगचा हिशोब करा. मोशनने जे वाचेल ते जादा दिवस म्हणून मिळेल. गेट आणि पार्किंगच्या बाहेर जाणाऱ्या रस्त्याला तर मोशन लावूच नका. नेमकी हवी ती गाडी मोशनच्या चौकटीबाहेरून गेली तर रेकॉर्डिंगच नसतं.

आता १३ टीबी रेकॉर्डिंगसाठी डिस्क किती घ्यायच्या. इथे दोन गाळण्या लागतात.

पहिली गाळणी एककाची. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट धरतात. बऱ्याच नॅसची स्क्रीन १०२४ च्या पटीत मोजते आणि तरी पुढे TB च लिहिते. त्यामुळे ८ टीबीची डिस्क स्क्रीनवर 7.28 दिसते. जागा कुठेही गेलेली नसते, मोजपट्टी बदललेली असते. पण मागणी एका पट्टीने आणि उपलब्ध जागा दुसऱ्या पट्टीने मोजली तर नऊ टक्क्यांची फसगत होते. तुमचे १२.९६ टीबी स्क्रीनच्या पट्टीत 11.79 होतात. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवा.

दुसरी गाळणी रिकाम्या जागेची. व्हॉल्यूम, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून बनलेली जागा, ८५ टक्क्यांच्या वर भरू देऊ नका. पूर्ण भरलेल्या व्हॉल्यूमवर सतत लिहिणं आणि सतत पुसणं चालू राहिलं की फाइल सिस्टिम तुकड्या-तुकड्यांत जागा शोधत बसते, रेकॉर्डिंगमध्ये खंड पडू लागतात, आणि जुनं फुटेज आपोआप पुसणारं रोटेशन थोडं उशिरा चाललं तरी नवीन फुटेज नाकारलं जातं. १२.९६ ला ०.८५ ने भागलं की १५.२५ येतात. वापरायला निदान एवढे टीबी हवेत.

चार बेमध्ये पर्याय असे. ६ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये लावल्या तर एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे बिघडलेल्या डिस्कचा डेटा परत उभा करायच्या माहितीला, जाते आणि १८ टीबी उरतात. त्याचे ८५ टक्के १५.३, म्हणजे ३० दिवसांचे १२.९६ बसतात, पण पुढे २ एमबीपीएसच्या तीनच कॅमेऱ्यांएवढी जागा उरते. ८ टीबीच्या चार डिस्क रेड ६ मध्ये लावल्या तर १६ टीबी मिळतात. दोन डिस्क गेल्या तरी रेकॉर्डिंग टिकतं, पण नवीन कॅमेऱ्याला जागा राहत नाही. ८ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये लावल्या तर २४ टीबी मिळतात, त्यातले २०.४ वापरायचे. म्हणजे ३० दिवसांसाठी रोज ६८० जीबी लिहिता येतात, एकूण ६३ एमबीपीएसपर्यंत. आज ४० आहेत, म्हणजे २ एमबीपीएसचे आणखी १० कॅमेरे सहज सामावतील.

मी तुमच्या जागी तिसरा पर्याय घेईन. सोसायटीत कॅमेरे कमी झाल्याचं कधी होत नाही, वाढतातच. आणि हे फुटेज तसंही ३० दिवसांनी पुसलं जाणार आहे, त्यासाठी दोन डिस्कची पॅरिटी मला जास्त वाटते. त्याऐवजी त्याच मॉडेलची पाचवी डिस्क विकत घेऊन कपाटात ठेवा. एक डिस्क गेली की रेड ५ ला पुढच्या बिघाडापासून संरक्षण नसतं. शिवाय ८ टीबी पुन्हा भरायला १०० एमबी प्रति सेकंदाच्या वेगानेही २२ तास लागतात. त्यात रेकॉर्डिंग चालूच असल्यामुळे प्रत्यक्षात वेळ आणखी वाढतो. त्या आधी नवीन डिस्क बाजारातून यायला चार दिवस गेले, तर ते चार दिवसही जोखमीचेच.

डिस्क कोणती घ्यायची हा प्रश्न वेगाचा नाही. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फक्त ५ मेगाबाइट, कुठलीही डिस्क ते आरामात लिहील, नेटवर्कलाही ते काहीच नाही. प्रश्न वर्षभराच्या ओझ्याचा आहे. रोज ४३२ जीबी म्हणजे वर्षाला सुमारे १५८ टीबी लेखन. रेड ५ च्या चार डिस्कमध्ये प्रत्येकीच्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्सा येतो, साधारण ५३ टीबी. सीगेटची बॅराकुडा ८ टीबी (ST8000DM004) ही डेस्कटॉपची डिस्क वर्षाला ५५ टीबी कामासाठी ठरवलेली आहे, म्हणजे नुसत्या रेकॉर्डिंगनेच ती काठावर जाते, फुटेज बघणं वेगळंच. वर ती एसएमआर प्रकारची आहे. तिच्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. सततच्या लेखनात आणि विशेषतः डिस्क बदलल्यावर पुन्हा भरताना ती रांगत चालते. सीगेट स्कायहॉक किंवा डब्ल्यूडी पर्पल या सर्व्हेलन्सच्या डिस्क वर्षाला १८० टीबीसाठी आणि २४ तास चालण्यासाठी असतात. दुकानदार 'हीसुद्धा ८ टीबीच आहे, स्वस्त पडते' म्हणून डेस्कटॉपची डिस्क पुढे करेल. बॉक्सवरचा मॉडेल नंबर वाचा, डेटाशीटमध्ये सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढणारा प्रकार, लिहिलेलं बघा, मगच पैसे द्या.

नॅस घेण्याआधी आणखी एक बघून ठेवा, कारण तो खर्च कोटेशनमध्ये बहुधा नसतो. सिनॉलॉजीच्या नॅससोबत दोनच कॅमेऱ्यांचं लायसन्स मोफत येतं. १६ कॅमेऱ्यांना १४ वेगळी घ्यावी लागतात. प्रत्येक मॉडेलला किती कॅमेरे झेपतात याची मर्यादाही डेटाशीटमध्ये दिलेली असते.

हिशोब बरोबर असूनही जागा संपते, त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण स्नॅपशॉट, म्हणजे फोल्डरची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, हे आहे. नॅस बसवणारा माणूस सवयीने सगळ्या शेअर्ड फोल्डरना रोजचा स्नॅपशॉट लावून जातो. ऑफिसच्या फाइलींसाठी ते उत्तम आहे, पण रेकॉर्डिंगच्या फोल्डरला घातक. रोटेशनने ३० दिवसांपूर्वीचं फुटेज पुसलं तरी कालचा स्नॅपशॉट त्याला धरून ठेवतो, जागा मोकळी होत नाही. स्नॅपशॉट ३० दिवस ठेवायचे असतील तर तुम्ही नकळत ६० दिवसांचं फुटेज साठवताय, म्हणजे १३ च्या जागी २६ टीबी. २४ टीबीचा व्हॉल्यूम साधारण ५५ व्या दिवशी गच्च होईल आणि तोवर कोणाला कळणारही नाही. रिसायकल बिनचंही तसंच. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वेगळ्या पीसीवर असेल आणि ते नेटवर्क शेअरवर लिहीत-पुसत असेल, तर पुसलेल्या फाइली #recycle मध्ये जाऊन बसतात. रेकॉर्डिंगच्या फोल्डरसाठी दोन्ही बंद ठेवा.

हे ओळखायला सोपं आहे. नॅसवर एसएसएचने जाऊन फोल्डरनिहाय जागा बघा:

```
sudo du -s --block-size=GB /volume1/surveillance/*
```

तुमच्या नॅसवर फोल्डरचा मार्ग वेगळा असेल तर तो घाला. इथले जीबी डिस्कच्या बॉक्सवरच्या पट्टीतले, दशमान आहेत. #recycle ची ओळ सोडून बाकी ओळींची बेरीज १३,००० च्या आसपास आहे आणि स्टोरेजच्या पानावर मात्र व्हॉल्यूम जवळजवळ भरलेला दिसतोय, तर मधली जागा स्नॅपशॉटने किंवा बिनने धरलेली आहे.

रोटेशनची सेटिंगही नीट लावा. सॉफ्टवेअर सहसा दोन अटी देतं: इतके दिवस झाले की पुसा, किंवा इतके जीबी झाले की पुसा. दोन्ही लावल्या तर जी आधी गाठली जाते ती चालते. फक्त दिवसांची अट ठेवली आणि पावसात बिटरेट चढला तर व्हॉल्यूम फुटेस्तोवर भरेल. सगळ्या कॅमेऱ्यांना मिळून एकच जीबीची अट ठेवली तर जाळं लागलेला एक कॅमेरा बाकी पंधरा जणांचे दिवस खातो. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला ३० दिवस आणि त्याच्या वाट्याची वेगळी मर्यादा, दोन्ही द्या. २ एमबीपीएसच्या कॅमेऱ्याचे ३० दिवसांचे ६४८ जीबी होतात, त्याला ७५० द्या. ४ एमबीपीएसच्या कॅमेऱ्याचे १,२९६ होतात, त्याला १,५०० द्या. बारा आणि चार मिळून हे १५ टीबी होतात, २०.४ च्या बरेच आत.

जागा कमी पडतेय म्हणून बिटरेट खाली ओढण्याचा मोह होईल. तसं करायचं तर आधी गेटच्या कॅमेऱ्याचं रात्रीचं फुटेज लावा, हेडलाइट लावून आत येणारी गाडी थांबवून बघा. नंबर प्लेटच्या जागी चौकोनी ठिपके दिसत असतील तर बिटरेट आधीच कमी आहे. तिथे हात न लावता जिन्यांचा फ्रेम रेट १५ वरून १० करा आणि त्यांची मर्यादा १.५ एमबीपीएस ठेवा. समजा ६ जिने आहेत, तर रोजचे ३२ जीबी वाचतात आणि गेटचं काही बिघडत नाही.

सगळं बसवून झालं की आठवडाभराने वरची कमांड सलग दोन दिवस एकाच वेळी चालवा आणि प्रत्येक कॅमेऱ्याची वजाबाकी करा. २ एमबीपीएसच्या कॅमेऱ्याची वाढ २१.६ जीबीच्या बरीच वर दिसली, तर त्याची सेटिंग बदललेली आहे. फर्मवेअर अपडेट किंवा रिसेटनंतर कॅमेरा मूळ सेटिंगवर, म्हणजे बऱ्याचदा दुप्पट बिटरेटवर जातो. त्यानंतर दर महिन्याला प्रत्येक कॅमेऱ्याचं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग उघडून चालवून बघा, नुसती तारीख बघू नका. ती तारीख ३० दिवसांच्या अलीकडे सरकू लागली की त्या कॅमेऱ्याची सेटिंग, काच आणि स्नॅपशॉट या क्रमाने तपासा.